कूलरची टाकी आणि आईची अंगठी

प्रश्न: लोखंड गंजतं, मग सोनं का नाही गंजत? चुलत बहिणीला कसं समजावू?

नागपुरात घरोघरी कूलर असतो, तिथूनच सुरुवात करा.

"दादा, टाकीचा तळ गंजला. आईची अंगठीही रोज पाण्यात असते, ती काऊन नाही गंजत?"

"गंजायला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात. लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन सहज सोडतात, ते ऑक्सिजन घेतो. सोनं ते घट्ट धरून ठेवतं. हवा-पाण्याला ते सुटत नाहीत."

"पण गंजाच्या थरानं आतलं लोखंड झाकलं जात नाही का?"

"नखानं खरवडून बघ. पोपडा निघाला नं? गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून फुगून तडकतो आणि खालचं ताजं लोखंड उघडं पडतं. असं होत होतच पत्र्याला भोक पडतं."

"अंगठी कधीच काळवंडत नाही?"

"२२ कॅरेटमध्ये सुमारे ८ टक्के तांबं, चांदी असे धातू असतात. काळपटपणा आलाच तर त्यांचा."

"आणि टाकी?"

"पाणी काढ, पॉलिश पेपरनं चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घास, उन्हात वाळव. मग रेड ऑक्साईड प्रायमर, वरून रंग. ओल राहिली तर रंगाखाली गंज चालूच राहतो, फुगे येतात."