पिन जुन्या इमारतीवर, दुकान मागच्या गल्लीत

प्रश्न: सर, मी बीएस्सी आयटीच्या शेवटच्या वर्षाला आहे, लालबागला राहतो. वेबसाइट बनवता येतात. गूगल मॅप्सवर मुंबईतली दुकानं शोधून, ज्यांच्या साइट जुनाट दिसल्या अशा दीडशे जणांना ईमेल पाठवले. एकाचंही उत्तर आलं नाही. गिऱ्हाईक शोधायची ही पद्धतच चुकीची आहे का?

उत्तर: ज्या दुकानदाराने स्वतःच्या साइटकडे पाच वर्षं ढुंकून पाहिलेलं नाही, तो त्याच साइटवरच्या info@ पत्त्यावर आलेली पत्रं वाचत बसेल का? डोमेनचे पैसे भरायचे राहिले असतील तर तो पत्ताच बंद असतो. म्हणजे तुझी निवड जितकी अचूक, तितका तुझा ईमेल वाया जाणार. शोधायची जागा बरोबर आहे. शोधतोस काय आणि सापडल्यावर करतोस काय, तिथे गाडी अडली आहे.

'जुनाट दिसते' ही तुझी तक्रार झाली, दुकानदाराची नव्हे. साइट कितीही कळकट असो, तिच्यावरचा फोन नंबर चालू असेल तर त्याचं काही अडत नाही. तू अशी जागा शोध, जिथे दुकानाकडे निघालेलं गिऱ्हाईक वाटेतूनच परत फिरतं. असं गिऱ्हाईक नकाशावर दिसतं, पण त्यासाठी रिव्ह्यू वाचावे लागतात.

माझ्याकडे येणाऱ्या एका मुलीने गिरगावात ठाकूरद्वार ते प्रार्थना समाज एवढाच पट्टा घेतला आणि धंदाही एकच, चष्म्याची दुकानं. अख्खं दक्षिण मुंबई एकदम शोधलं की नकाशा आधी त्यांनाच पुढे करतो, ज्यांची नोंद नीटनेटकी आणि रिव्ह्यू भरपूर. त्यांना तुझी गरज नाही. तिने नकाशा दोन-तीन गल्ल्या दिसतील इतका जवळ आणला, तिथेच पुन्हा शोधलं, मग पुढे सरकली. 'optician' लिहून एकदा आणि 'चष्मा' लिहून एकदा, कारण दोन्ही वेळी येणारी नावं सारखी नसतात.

एका दुकानाला रेटिंग चांगलं होतं, पण रिव्ह्यू 'Newest' लावून पाहिले तर वरच्या चारांपैकी दोन एकाच सुराचे: पत्त्यावर गेलो, तिथे नुसते पत्रे ठोकलेत. इमारत पुनर्विकासाला गेली होती आणि दुकान मागच्या गल्लीत हललं होतं. पिन मात्र अजून पाडलेल्या इमारतीवरच. वेबसाइटच्या बटणावरचा पत्ता business.site ने संपणारा. गूगल पूर्वी छोट्या धंद्यांना अशा फुकट साइट देत असे. त्या मार्च 2024 मध्ये बंद झाल्या, काही महिने तो पत्ता दुकानाच्या नोंदीकडे वळवला जायचा, 10 जून 2024 नंतर तेही थांबलं. पाटीवर आणि पावतीपुस्तकावर तो पत्ता छापून बसलेली दुकानं मुंबईत आजही भेटतात. फेसबुक पानावरची शेवटची पोस्ट तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीची.

इथे घाई करू नकोस. फेसबुक थंड म्हणजे धंदा थंड, असं नसतं. कित्येक जण इन्स्टाग्रामवर किंवा नुसत्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर मजेत चालवतात. साइटच्या तळाशी कुठलं वर्ष लिहिलंय एवढ्यावरही काही ठरवू नये, ते वर्ष आपोआप बदलणारं असतं किंवा कुणी बदलत नाही. त्यापेक्षा तळाशी गूगल प्लसचं चिन्ह दिसतंय का बघ. ती सेवा एप्रिल 2019 मध्येच बंद झाली, म्हणजे तेव्हापासून त्या पानाला बहुधा कुणी हात लावलेला नाही. आणि सगळं लॅपटॉपवर न बघता फोनवर बघ, गिऱ्हाईक तिथूनच येतं.

उलट बाजूही तपासावी लागते. वर्षभरात एकही रिव्ह्यू नाही, फोनही लागत नाही, तर दुकान बंदच पडलेलं असू शकतं. तिच्या वहीत 40 नोंदी होत्या. धंदा जिवंत आणि वाट मोडलेली, अशा निघाल्या फक्त सहा.

त्या सहाही ठिकाणी ती पायी गेली. मंगळवारी दुपारी साडेतीनला, गर्दी नसताना. चष्मेवाल्या काकांना तिने साइटबद्दल अवाक्षर काढलं नाही. म्हणाली, "काका, तुमच्याच फोनवर तुमच्या दुकानाचा रस्ता लावून बघता का?" फोनने त्यांना पत्र्यांसमोर नेऊन उभं केलं. काका म्हणाले, "अगं, रोज दोन-तीन फोन येतात, कुठे आहात म्हणून. मला वाटायचं लोकांनाच पत्ता वाचता येत नाही." पुढचं बोलणं सोपं गेलं.

काम तसं सोपं नव्हतं. दुकानाची नोंद भाच्याने कधीतरी केली होती, त्याचा तो ईमेल आता कुणालाच आठवेना. मालकीची विनंती टाकायची, जुन्या खात्याला उत्तरासाठी काही दिवसांची मुदत मिळते तेवढं थांबायचं, मग पडताळणी. ती हल्ली बऱ्याचदा व्हिडिओवर होते: रस्ता, पाटी, आणि कुलूप उघडून आत जाणारा मालक, सलग दाखवावं लागतं. पिन आणि वेळा सुधारून, नवे फोटो घालून तिने 2,500 रुपये घेतले. एका पानाची साधी साइट पुढच्या महिन्यात, तिचे 6,000. डोमेन काकांच्या ईमेलवर आणि नोंदीची मालकीही त्यांचीच, ती फक्त 'Manager'. हे तू पहिल्या दिवसापासून पाळ. नाहीतर दोन वर्षांनी नोकरीला लागशील आणि तूच तो हरवलेला भाचा होशील.

बाकीच्या पाचांपैकी एकाने काम दिलं, दोघांनी पाहू म्हटलं, एकाने चहा पाजून वाटेला लावलं. पाचव्याने काहीच ऐकून घेतलं नाही.

माझीही एक फजिती सांगतो. तरुणपणी मीही अशी कामं करायचो. एका मिठाईवाल्याला गल्ल्यासमोर उभं राहून त्याच्या साइटमधले दोष मोजून दाखवले. मागे वजनकाट्यापाशी उभा होता तो त्याचा मुलगा, आणि साइट त्यानेच कॉलेजात असताना बनवलेली. तेव्हापासून 'ही कुणी केली?' हे आधी विचारतो.

दोन गोष्टी मात्र करू नकोस. कुठलं तरी टूल लावून नकाशावरून शेकडो नंबर एकदम उपसू नकोस. ते गूगलच्या अटींत बसत नाही, आणि तोच मेसेज अनोळखी लोकांना व्हॉट्सअ‍ॅपवर धाडत सुटलास तर तक्रारी होऊन तुझाच नंबर बंद होईल. दुसरं, मालकाला न विचारता 'Suggest an edit' मधून पिन हलवू नकोस, चांगल्या हेतूनेही नाही. बदल चुकला तर दुकानदाराच्या लेखी तू गोंधळ घालणारा माणूस ठरशील.

लालबाग-परळमध्ये तुझ्या घरापासून चालत जाता येईल असा एक पट्टा घे. पुनर्विकासाला गेलेल्या चाळींचे पत्रे जिथे दिसतात, तिथून सुरुवात कर, हललेली दुकानं आसपासच असतात. धंदा असा निवड की गिऱ्हाईक अनोळखी असतं आणि यायच्या आधी फोनवर शोधतं: चष्मा, शिलाई, केटरिंग, क्लासेस. कोपऱ्यावरच्या वडापाववाल्याला नकाशा लागत नाही. आणि लालबागला गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस कुणाच्याही दुकानात जाऊ नकोस, तुला उभं राहायलाही जागा मिळणार नाही.