बिल शून्य, वरखर्च सदतीस हजार

प्रश्न: बाबांचं बायपास पुण्यात करायचं ठरलंय. ऑपरेशन योजनेत बसतंय, आम्ही बार्शीकडचे. सोबत राहणाऱ्यांचा वरखर्च किती धरावा? तो मोजायचा कसा?

आमच्या अप्पांचं बायपास 2024 मध्ये महात्मा फुले योजनेतूनच झालं, तेही पुण्यात आणि गावही तुमच्याच बाजूचं. दवाखान्याचं बिल शून्य आलं. तरी डिस्चार्जनंतर पाच-सहा महिन्यांनी, उसने पैसे फिटल्यावर, वहीत बेरीज केली तेव्हा आकडा 37,470 निघाला. कसा, ते सांगतो.

आधी खाडे मोजा, कारण सगळ्यात मोठा खर्च तोच असतो आणि खिशातून जात नसल्यामुळे दिसत नाही. दादा गवंडी आहे, हजेरी 900. अप्पा सोमवारी दाखल झाले आणि पुढच्या आठवड्यात शुक्रवारी सुटले. एक सुट्टीचा वार सोडला तर त्याचे 11 खाडे, म्हणजे 9,900 गेले. माझी चार दिवस बिनपगारी रजा झाली. पगार 15,000, पण आमच्याकडे कापताना 30 नव्हे, 26 ने भागतात, म्हणून दिवसाला 577. चार दिवसांचे 2,300 धरा. वहिनी पुण्याला एकदाच आली, तरी दादा घरी नसल्याने म्हशी तिच्या गळ्यात पडल्या आणि खुरपणीचे आठ रोज बुडाले. 300 प्रमाणे 2,400. हे मोजायचं मला सुचलंच नव्हतं, तिनेच आठवण करून दिली. खाड्यांचेच 14,600 झाले.

जेवणात उलटी चूक होते, लोक जास्त धरतात. चहा, नाश्ता आणि दोन जेवणं मिळून माणशी 230 रुपये जात होते. पण तो माणूस घरीही जेवलाच असता, म्हणून त्यातले 70 वजा करा. दादाचे बारा आणि माझे चार असे 16 दिवस, 160 ने 2,560. भेटायला आलेल्या पाहुण्यांच्या चहापाण्याचे 600 वेगळे. पेशंटचं जेवण योजनेत असतं, सोबतच्याचं नसतं.

झोपण्याचा खर्च 1,310 म्हणजे किरकोळ, पण त्रास त्याचाच जास्त. वॉर्डात एकालाच पास, तिथे गादी भाड्याने घेऊन खाली झोपता येतं. ऑपरेशननंतरचे तीन दिवस मात्र अप्पा आयसीयूत होते. आत कोणालाच राहू देत नाहीत, आणि रात्री दोनला नाव पुकारलं तर खाली कोणीतरी हजर लागतं. म्हणून त्या रात्री एकजण बाकावर आणि दुसरा बाहेर 150 रुपयांच्या कॉटवर, अशी पाळी लावली. दोन माणसं नेमकी तेव्हाच लागतात. मी माझ्या चार रजा त्याच दिवसांना टाकल्या, तुम्हीही तसंच करा. अंघोळीचे 20 रुपयेही याच खात्यात.

प्रवासात जाताना स्वस्त पडतं. एसटीचं तिकीट तेव्हा तीनशेच्या आसपास होतं. आई आणि वहिनीला महिला सवलतीत निम्मं, अप्पा 68 चे म्हणून त्यांनाही निम्मं. सगळ्यांच्या फेऱ्या आणि रिक्षा मिळून 2,950 झाले. महाग पडलं ते परत येणं. छातीचं हाड नुकतं जोडलेल्या माणसाला एसटीत धक्के खात आणायचं म्हणजे जिवावर येतं, गाडी करावीच लागली. ती 4,500. योजनेत परतीचं भाडं एसटीच्या दराने मिळतं. आम्हाला 300 मिळाले, ते वजा केले.

आता जे बहुतेकजण विसरतात ते. डिस्चार्जने हिशेब संपत नाही. टाक्यांसाठी पुन्हा गाडी करून जावं लागलं, महिन्याने तपासणीला एसटीने. दोन्ही फेऱ्यांना दादा सोबत, म्हणजे आणखी दोन खाडे. एकूण 7,500.

इथवर 33,720. उरलेले 3,750 व्याजाचे. हातात पैसे नव्हते म्हणून 25,000 महिना तीन टक्क्यांनी काढले, फेडायला पाच महिने लागले, कारण फेडणाऱ्याचेच खाडे झाले होते. तुमची काही शिल्लक असेल तर ती ऑपरेशनसाठी नाही, या खर्चासाठी बाजूला ठेवा. त्याने निदान व्याज वाचेल.

तुमचा आकडा काढताना फक्त सोबत कोण राहणार आणि त्याचा रोज किती, एवढं बदला. बाकी थोडंफार असंच येईल. शक्य असेल तर ज्याची भरपगारी रजा शिल्लक आहे त्याला जास्त दिवस ठेवा. आणि सुट्टी देताना डॉक्टरांना विचारून घ्या की टाके बार्शीतल्या सर्जनकडे काढले तर चालतील का. आम्ही विचारलं नाही. महिन्याच्या तपासणीला तेच डॉक्टर म्हणाले, "एवढ्यासाठी इथवर कशाला आलात, तिकडेच काढायचे."