तोंडी ऑफर मिळून तीन आठवडे झाले, पत्र मात्र नाही

प्रश्न : पुण्यातल्या एका कंपनीच्या एचआरने तीन आठवड्यांपूर्वी फोनवर निवड झाल्याचे कळवले आणि पगाराचा आकडाही सांगितला. ऑफर लेटर अजून आलेले नाही. विचारले की "प्रोसेसमध्ये आहे" एवढेच उत्तर मिळते. पत्रासाठी पाठपुरावा कसा करावा? माझा नोटीस पीरियड 60 दिवसांचा आहे, तर राजीनामा आत्ताच देऊन टाकू का?

उत्तर : राजीनामा देऊ नका. पत्र हातात पडेपर्यंत आपल्या आताच्या कार्यालयात या विषयाची वाच्यताही करू नका. मी पुण्यात अकरा वर्षे भरतीचे काम केले आहे, म्हणजे "प्रोसेसमध्ये आहे" हे वाक्य मी स्वतः शेकडो वेळा उच्चारलेले आहे. त्यामुळे त्यामागे काय असते ते आधी सांगते, कारण ते कळल्याशिवाय नेमके काय विचारायचे हे ठरत नाही.

उमेदवाराला फोन जातो तेव्हा अनेकदा फक्त मुलाखत घेणाऱ्यांचा होकार आलेला असतो. चांगला उमेदवार दुसरीकडे जाऊ नये म्हणून एचआर फोन करून मोकळी होते, आणि खरी मंजुरी त्यानंतर सुरू होते. पद मंजूर आहे का, ठरलेला पगार त्या ग्रेडच्या मर्यादेत बसतो का, बसत नसेल तर विभागप्रमुखाची आणि वित्त विभागाची विशेष संमती आहे का, या तीन गोष्टी पूर्ण झाल्याशिवाय प्रणालीतून पत्र निघतच नाही. आपले पत्र या तिघांपैकी एका जागी अडकलेले असण्याची शक्यता सर्वांत अधिक आहे. "पत्र कधी येईल?" या प्रश्नाला एचआरकडे खरोखरच उत्तर नसते. "सध्या कोणाची मंजुरी बाकी आहे?" या प्रश्नाला असते.

एक उदाहरण तपशिलाने सांगते. एका अभियंत्याला मी 5 मार्चला फोनवर वार्षिक 14 लाखांचा आकडा सांगितला होता. त्या ग्रेडची कमाल मर्यादा सव्वातेरा लाखांची होती, त्यामुळे वरच्या पाऊण लाखासाठी वित्त विभागाची सही लागणार होती. मार्चअखेरच्या धावपळीत ती फाइल कोणी उघडतही नव्हते. त्यांनी तीनदा विचारले आणि तिन्ही वेळा मी तेच ठरावीक उत्तर दिले. 20 मार्चला मात्र त्यांनी थेट विचारले, की अडचण पदाची आहे की रकमेची. प्रश्नच इतका नेमका होता की मला खरे सांगावे लागले. मी हेही सांगितले, की 31 मार्चच्या आत सही झाली नाही तर ते पद नव्या आर्थिक वर्षात पुन्हा मंजूर करून घ्यावे लागेल. त्यावर त्यांनीच सुचवले, की पगार सव्वातेरा लाखांवर ठेवून उरलेले 75 हजार जॉइनिंग बोनस म्हणून देता येतील का. आमच्याकडे जॉइनिंग बोनसला विभागप्रमुखांची सही पुरत असे. 26 मार्चला पत्र गेले. या तोडग्याची किंमतही त्यांनी समजून घेतली होती : हा बोनस एकदाच मिळतो, पुढची पगारवाढ मूळ पगारावरच मोजली जाते, आणि वर्षाच्या आत नोकरी सोडल्यास तो परत करावा लागतो.

आता आपण काय करावे ते सांगते. फोन पुरे झाले, आज एक मेल लिहा. तो आपण बहुधा इंग्रजीतच लिहाल, पण मजकूर साधारण असा असावा : "अमुक तारखेच्या दूरध्वनीत आपण अमुक पदासाठी वार्षिक इतक्या रकमेचा प्रस्ताव सांगितला होता व मी त्यास संमती दिली होती. यापैकी काही वेगळे असल्यास कृपया कळवावे. सध्या कोणत्या टप्प्याची मंजुरी बाकी आहे, हे कळल्यास बरे होईल. माझा नोटीस पीरियड 60 दिवसांचा असून पत्र मिळाल्यावरच मी राजीनामा देऊ शकेन, त्यामुळे पत्राला जितके दिवस लागतील तितकी रुजू होण्याची तारीख पुढे जाईल."

या मेलमधील पहिल्या दोन वाक्यांमुळे तोंडी बोलणे लेखी नोंदीत येते. शेवटच्या वाक्याचा परिणाम तर एचआरच्याही पलीकडे होतो, कारण ज्या व्यवस्थापकाला माणूस हवा आहे त्याला ती तारीख बोचते. आपल्या धमकीपेक्षा त्याने आतून केलेला एक फोन फाइल अधिक लवकर हलवतो. म्हणून चार कामकाजाच्या दिवसांत उत्तर आले नाही, तर हाच मेल त्या व्यवस्थापकाला प्रतीत ठेवून पुन्हा पाठवा. कन्सल्टन्सीमार्फत गेला असाल तर आधी तिच्याकडून विचारणा करवून घ्या, कारण तिचे शुल्क बहुतेक वेळा आपण रुजू झाल्यावरच निघते आणि पाठपुराव्याची तिलाही गरज असते.

फाइल जिवंत आहे की नाही, याच्या काही खुणा असतात. पगाराच्या पावत्या, फॉर्म 16 किंवा आताचे नियुक्तिपत्र मागवले जात असेल, तर पगाराची आखणी चालू आहे. व्यवस्थापक बदलल्याचे कानावर आले, पद "होल्ड"वर असल्याचा शब्द आला, किंवा तीच जाहिरात नव्याने लागली, तर चिंतेचे कारण आहे. आणि पत्रासाठी कोणी अनामत रक्कम मागितली, तर तो फसवणुकीचा प्रकार समजून तिथेच थांबा.

कायद्याने तोंडी करार अगदीच निरर्थक नसतो, हे खरे आहे. भारतीय करार अधिनियम, 1872 लेखी स्वरूपाचा सरसकट आग्रह धरत नाही. पण फोनवर नेमके काय ठरले आणि ते अंतिम मंजुरीच्या अधीन होते की नाही, हे सिद्ध करण्याचा भार आपल्यावर येतो, आणि तोवर महिने निघून जातात. हे मी कळकळीने लिहिते आहे, कारण सव्विसाव्या वर्षी मी स्वतः फोनवरच्या शब्दावर राजीनामा दिला होता. नवव्या दिवशी नव्या कंपनीने भरती गोठवली. जुन्या साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन राजीनामा मागे घेण्याचा अर्ज त्यांच्या टेबलावर ठेवताना माझा हात थरथरत होता. त्यांनी तो स्वीकारला, पण त्या वर्षीच्या पगारवाढीच्या यादीत माझे नाव नव्हते.

दुसऱ्या मेलनंतर आठ दिवस वाट पाहा. तोपर्यंत ठोस उत्तर किंवा तारीख मिळाली नाही, तर ही नोकरी मिळालेली नाही असे धरून इतर मुलाखती पूर्ण वेगाने सुरू करा. नकार मात्र कळवू नका, कारण नवे आर्थिक वर्ष किंवा नवी तिमाही सुरू झाल्यावर अशी पत्रे आलेली मी पाहिली आहेत. पत्र आले तर फोनवरचा आकडा आणि पत्रातला आकडा शेजारी ठेवा. व्हेरिएबल किती, कंपनीकडील पीएफ आणि ग्रॅच्युइटी त्याच रकमेत धरली आहे का, रुजू होण्याची तारीख आपल्या 60 दिवसांशी जुळते का, आणि पत्र किती दिवसांपर्यंत वैध आहे, हे तपासा. तफावत असेल तर ती स्वीकृतीच्या आधीच मेलवर विचारा. स्वीकृती लेखी कळवून तिची पोच मिळाल्यावर मगच आपल्या साहेबांकडे राजीनामा द्या.