बोडे प्लॉट: सुरुवातीची उंची किती?

प्रश्न: G(s) = 100(s+10)/((s+1)(s+100)) चा असिम्प्टोटिक मॅग्निट्यूड प्लॉट मी 40 dB पासून सुरू केला, तर चुकला. का?

तुमची सुरुवात 20 dB पासून हवी, कारण समोर दिसणारा 100 हा या फंक्शनचा डीसी गेन नाही. s = 0 ठेवून पाहा: 100×10/(1×100) = 10, म्हणजे 20 dB. प्रत्येक कंस आधी (1 + s/a) या रूपात आणला की हाच 10 बाहेर उरतो. पुण्यात तिसऱ्या वर्षाच्या मुलांचे सेमीलॉग कागद तपासताना मला सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच.

पुढे डावीकडून चालत जा. 1 rad/s पर्यंत रेष आडवी. तिथे पोल आहे, म्हणून उतार डेकेडला −20 dB होतो आणि 10 ला रेष 0 dB वर पोहोचते. 10 चा झिरो +20 आणतो, उतार शून्य होतो, रेष 100 पर्यंत आडवी. 100 च्या पोलनंतर पुन्हा −20, म्हणजे 1000 ला −20 dB. पडताळा लगेच घेता येतो: खूप वरच्या फ्रिक्वेन्सीला G ≈ 100/s, तेव्हा 1000 ला 0.1, म्हणजे −20 dB. इथे मात्र तुमचा 100 कामी येतो.

हे फक्त सरळ रेषांचं चित्र आहे. खरा वक्र पोलच्या कोपऱ्यांवर सुमारे 3 dB खाली आणि झिरोच्या कोपऱ्यावर तेवढाच वर असतो. कोपरे डेकेडपेक्षा जवळ असले तर हे फरक एकमेकांत मिसळतात.