स्टेजवर गाण्याआधी भक्तीगीताचे शब्द कसे तपासायचे?

प्रश्न: सोसायटीच्या गणपतीत मी स्वतः लिहिलेलं भक्तीगीत आम्ही ग्रुपने गाणार आहोत, त्यात लहान मुलंही आहेत. शब्दांतून काही अशुभ किंवा भलताच अर्थ निघत नाही ना, हे आधी कसं बघायचं?

उत्तर:

पहिली गोष्ट, वहीत बघून हे कळत नाही. लिहिताना आपल्याला शब्द सुटे सुटे दिसतात, ऐकणाऱ्याला मात्र चालीत जसे तुटतात तसेच ऐकू येतात. मी भजनी मंडळात पेटी वाजवतो, नवीन पदं बसवताना बहुतेक वेळा शब्द बरोबर असतो आणि घोळ तो तुटतो तिथे असतो.

एक गाणं घेऊनच सांगतो, आमच्याकडे बसवायला आलेलं होतं, लिहिणाऱ्याने फार मनापासून लिहिलेलं. धृपद असं होतं, "नित्य स्मरावे तुज गणराया, शिरी असू दे कृपेचि छाया". वाचायला छान, आठ आठ मात्रांत चोख बसतं, भजनी ठेक्याला तर अगदी सोयीचं. पण चाल संथ होती आणि गाणारा 'नित्य' मधला 'त्य' लांबवत होता. असं केलं की 'स्मरावे' मधला अर्धा स् मागच्या अक्षराला जाऊन चिकटतो आणि पुढचा उठाव नेमका 'मरावे' वर येतो. त्यात कोरसने फक्त शेपूट उचललं, म्हणजे मुख्य गायकाने ओळ म्हटली आणि मागून सगळ्यांनी "स्मरावे, स्मरावे" केलं, की मांडवाच्या मागच्या टोकाला काय ऐकू जात असेल तुम्हीच विचार करा. याला कारण आहे, स हा नुसता हवेचा आवाज, त्याचा जोर वरच्या फ्रिक्वेन्सीत असतो, ढोबळमानाने ४ हजार हर्ट्झच्या वर, आणि मांडवातले भोंगे नेमका तोच भाग खातात. म मात्र खणखणीत पोचतो. म्हणून स्मरण, स्मरता, नामस्मरणी असे शब्द आले की मी तिथे पेन्सिलीने गोल करून ठेवतो. शब्द वाईट नाही हो, उलट भक्तीगीतात हाच शब्द सगळ्यात जास्त येतो, पण त्याच्या आधी सूर लांबवायचा नाही आणि त्याचं शेपूट कोरसला द्यायचं नाही. आम्ही त्या ओळीत "नित्य आळवू तुज गणराया" केलं, मात्रा तेवढ्याच राहिल्या म्हणून चालीला धक्का लागला नाही.

दुसरी जागा म्हणजे कर्ता गाळलेलं स्त्रीलिंगी क्रियापद. त्याच गाण्यात पुढे होतं "तुझ्या भक्तिची धुंदी चढली". पूर्ण ओळ ऐकली तर काहीच खटकत नाही, संतांच्या काळापासून प्रेमाची धुंदी चालत आलेली आहे. पण कोरस पूर्ण ओळ थोडीच म्हणतो, तो म्हणणार "चढली, चढली", आणि मराठीत कर्ता न सांगता नुसतं चढली, घेतली, झाली म्हटलं की लोकांच्या डोक्यात पहिली बाटलीच येते. मागे उभी असलेली पोरं शिट्ट्या मारणार, मग पुढे मुलं गोंधळणार. पुल्लिंगी केलं की हे बरंचसं जातं, "तुझ्या भक्तिचा रंग लागला" असं केलं, यातही १६ मात्रा. तेव्हा तुमच्या गाण्यात कोरसला जे जे तुकडे दिलेत ते एका वेगळ्या कागदावर लिहून काढा, आजूबाजूची ओळ न लिहिता, आणि मग वाचा. एवढ्याने अर्धं काम होतं.

आता अशुभाचं. आपल्याकडे मरण थेट बोलत नाहीत, त्यामुळे भक्तीतलेच कितीतरी शब्द त्या कामाला लागलेले आहेत. देवाघरी जाणे, देवाज्ञा होणे, राम म्हणणे, वैकुंठवासी, कैलासवासी, हे एरवी पवित्र, पण वाक्यात एका ठराविक पद्धतीने आले की थेट निधनाची बातमी होते. तुमच्या ग्रुपमध्ये लहान मुलं आहेत म्हणून हे जास्त जपा. वरच्याच गाण्यात शेवटचं कडवं मुलांच्या तोंडी होतं आणि त्यात ओळ होती "ने आम्हाला तुझिया घरी". लिहिणाऱ्याच्या मनात देऊळ होतं, पण समोर बसलेल्या आजीला सात-आठ वर्षांची नातवंडं हे म्हणताना बघून कसं वाटेल? तिथे आम्ही दिशाच उलटी केली, "ये देवा तू अमुच्या घरी", आणि गणपती तर घरी येणाराच देव आहे, त्यामुळे ओळ उलट जास्त शोभली. अशा ठिकाणी शब्द बदलत बसण्यापेक्षा कोण कोणाकडे जातंय ते बघा, देव आपल्याकडे आला की प्रश्न संपतो.

फुटणे, विझणे, पुसणे ही क्रियापदंही बघून घ्या. आपण नारळ वाढवतो, बांगडी वाढवतो, दिवा मालवतो, तर देवीच्या गाण्यात चुडा फुटला किंवा कुंकू पुसलं असं उपमेतसुद्धा नको, नाहीतर बायकांच्या ओळीत लगेच कुजबुज सुरू होते.

संतांच्या अभंगाला मात्र हात लावायचा नाही, तिथे प्रसंग बघायचा. तुकोबांचा "याजसाठी केला होता अट्टहास, शेवटचा दिस गोड व्हावा" हा अभंग कितीही गोड असला तरी कोणाच्या पंच्याहत्तरीला गाऊ नये, त्या माणसाला समोर बसवून शेवटच्या दिवसाचं गाणं होतं ते. तो अभंग दुसऱ्या दिवशी गा, शब्द बदलू नका.

कोणी म्हणेल पहिलं अक्षर, पहिला गण म्हणजे लघु-गुरूंनी ठरणारा पहिल्या तीन अक्षरांचा गट शुभ आहे का बघा. जुन्या छंदशास्त्रात म, न, भ, य हे गण शुभ आणि ज, र, स, त अशुभ धरलेत खरे, पण तो विचार काव्याच्या आरंभापुरता आहे आणि सुरुवातीला देवाचं नाव असेल तर दोष मानत नाहीत. मनात शंका राहत असेल तर पहिल्या ओळीत गणराया पुढे आणा आणि तो विषय सोडून द्या.

आता प्रत्यक्ष तपासणी. पूर्ण कोरससकट मोबाईलवर रेकॉर्ड करा, खोलीच्या दुसऱ्या टोकाला फोन ठेवून, टाळ-ढोलकी चालू असताना. मग ज्यांनी शब्द कधीच वाचले नाहीत अशा दोघांना ऐकवा, एक साठीच्या पुढचं माणूस आणि एक कॉलेजचा पोरगा. अशुभ आजींना पटकन कळतं, डबल मीनिंग पोराला, एकाला दुसऱ्याचं सहसा दिसत नाही. त्यांना "काही वाईट वाटतंय का" असं विचारू नका, लाजून नाही म्हणतील, कानावर पडलं तसं कागदावर लिहायला सांगा. लिहिलेलं तुमच्या शब्दांशी जुळत नसेल ती जागा चालीत तुटतेय. सोसायटीत दोन तीन भाषांचे लोक असतील तर हिंदी किंवा गुजराती बोलणाऱ्या एकालाही ऐकवा, कारण आपल्याला साधा वाटणारा शब्द त्यांच्याकडे भलताच असू शकतो.

हे निदान आठवडाभर आधी करा, कारण मुलांच्या तोंडी एकदा ओळ बसली की बदललेली ओळ स्टेजवर हमखास विसरतात आणि जुनीच म्हणतात. अगदी आदल्या दिवशी काही सापडलं तर शब्द तसाच ठेवा, फक्त कोरसचा तुकडा बदला, "स्मरावे" ऐवजी त्यांना "गणराया" उचलायला सांगा, ते एका तालमीत बसतं.