साठीनंतरच्या खर्चाचा अंदाज एकाच महागाई दराने बांधू नका

तुम्ही साठीपासूनचा महिना ६०,००० रुपये खर्च धरून त्यावर सरसकट ६ टक्के महागाई लावली आहे. मी तो आकडा तीन भागांत मोडून पाहण्याचा आग्रह धरेन. ठाण्यात स्वतःच्या घरात राहणाऱ्या जोडप्यासाठी किराणा, वीज, सोसायटीचा मेंटेनन्स असा घरखर्च ४२,००० रुपये, औषधे, तपासण्या आणि आरोग्य विम्याचा हप्ता मिळून ८,००० रुपये आणि प्रवास १०,००० रुपये धरू.

पंधरा वर्षांनी घरखर्च ६ टक्क्यांनी सुमारे १,००,००० रुपये होतो. औषधोपचारासाठी मी १२ टक्के धरतो, कारण उपचार महागतातच, शिवाय वयोगट बदलला की विम्याचा हप्ताही चढतो. त्या दराने ८,००० रुपयांचे जवळपास ४४,००० रुपये होतात, तर तुमच्या हिशेबात ते १९,००० रुपयेच दिसतात. प्रवासाचे १०,००० रुपये ६ टक्क्यांनी सुमारे २४,००० होतात; पंचाहत्तरीत प्रवास निम्म्यावर आला, तरी त्यातून महिना १२,००० रुपयेच वाचतात. म्हणजे फिरणे कमी झाल्याने औषधांचा वाढीव खर्च भागत नाही, आणि एकूण गरज १,४४,००० ऐवजी १,५६,००० रुपयांच्या आसपास जाते.

यात घरी ठेवावी लागणारी मदतनीस धरलेली नाही. ऐंशीनंतरसाठी ती रक्कम वेगळी लिहा. नोकरीतला गट विमा निवृत्तीबरोबर बहुधा संपतो, म्हणून स्वतःची पॉलिसी आधीच घ्या, आणि दात, चष्मा, श्रवणयंत्र हे खर्च मात्र खिशातूनच होतील असे धरून चाला.