बाबांशी भांडणानंतर पहिला मेसेज

प्रश्न: दोन आठवडे झाले, बाबांशी जोरदार भांडण झालं. दोघंही नको ते बोललो. आता ते बोलत नाहीत आणि मलाही अजून राग आहे, वाईटपण वाटतंय. सुरुवात कशी करू? काय बोलू?

माझं आणि बाबांचं असंच झालं होतं, 24 दिवस एक शब्द नाही. मी नोकरी सोडली यावरून सुरू झालं, बाबा म्हणाले तुझ्याकडून एक गोष्ट धड शेवटपर्यंत होत नाही, आणि मी सगळ्यांसमोर म्हणाले की तुम्ही मला कधी कशात साथ दिलीत ते सांगा. ते उठून आत गेले.

आधी मी काय चुकीचं केलं ते सांगते. मी रात्री बसून मोठ्ठा मेसेज लिहिला, त्यात सॉरी होतं पण सॉरीनंतर लगेच 'पण तुम्हीसुद्धा' होतं, आणि मग लहानपणापासूनचं सगळं. नशिबाने पाठवला नाही. सकाळी वाचला तेव्हा कळलं की हे तर तेच भांडण परत, फक्त टाइप केलेलं. दुसरी चूक म्हणजे आईला मध्ये घातलं. ती बिचारी इकडचं तिकडे सांगताना शब्द मऊ करायची, मग बाबांना वाटायचं मला काहीच वाटत नाहीये आणि मला वाटायचं त्यांना काही फरक पडत नाही. प्लीज कुणाला मध्ये घालू नका.

शेवटी जो मेसेज पाठवला तो एवढाच होता: 'बाबा, त्या दिवशी मी म्हणाले की तुम्ही मला कधी साथ दिली नाहीत, ते खोटं होतं आणि मी ते बोलायला नको होतं. नोकरीचा विषय आत्ता नको. रविवारी सकाळी फोन करू का? नंतर बोलू म्हणालात तरी चालेल.'

यात माफी फक्त माझ्या एका वाक्याची आहे, ज्याचं मला खरंच वाईट वाटत होतं. नोकरी सोडल्याची माफी मागितलेली नाही कारण ते मला चूक वाटत नव्हतं, आणि नुसतं तोंडदेखलं सगळ्याला सॉरी म्हटलं असतं तर महिन्याभरात परत तिथेच आलो असतो. तुम्हीपण तुमचं असं एक वाक्य शोधा, जसंच्या तसं लिहा. 'तुम्हाला वाईट वाटलं असेल तर सॉरी' असं नको, त्यात चूक त्यांच्या वाटण्यावर जाते.

उत्तर दोन दिवसांनी आलं. 'बघू.' बास. मला रडू आलं होतं खरंतर, पण रविवारी त्यांनी स्वतःच फोन केला आणि विचारलं गाडीचा इन्शुरन्स भरलास का. सहा मिनिटं बोललो, इन्शुरन्स आणि त्यांच्या डोळ्यांचे ड्रॉप्स, बाकी काही नाही. अनेक आईवडील असेच परत येतात, कामाच्या प्रश्नातून. अशा वेळी 'भांडणाबद्दल कधी बोलायचं?' असं विचारू नका, इन्शुरन्सचं उत्तर द्या.

खरं बोलणं तिसऱ्या फोनला झालं. बाबा म्हणाले, तू जे बोललीस त्याचं एवढं नाही, जावयासमोर बोललीस. मी इतके दिवस शब्दांची माफी घेऊन बसले होते आणि त्यांना लागलं होतं ते वेगळंच. माझ्या तोंडावर आलेलं की तुम्हीच तर सगळ्यांसमोर सुरू केलंत, पण गप्प बसले आणि एवढंच म्हणाले की ताईच्या नवऱ्यासमोर तुमचा अपमान झाला, हो ना. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, हो. त्यांच्या वाक्याचं मला किती लागलं ते मी आणखी आठवड्याने सांगितलं. त्याच फोनमध्ये सांगितलं असतं तर हिशोब झाला असता.

मध्येच परत आवाज चढला तर? चढतोच. 'नेहमी', 'कधीच' हे शब्द यायला लागले की समजा आता कुणी ऐकत नाहीये. जॉन गॉटमन म्हणून मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी नवरा-बायकोच्या भांडणांचा खूप अभ्यास केलाय, ते म्हणतात छातीत धडधड वाढली की किमान 20 मिनिटं थांबा, तेवढ्याशिवाय शरीर शांत होत नाही. पण तसाच फोन ठेवला तर परत अबोला वाटतो, म्हणून वेळ सांगून थांबा, 'बाबा मला आत्ता नीट बोलता येत नाहीये, सात वाजता करते', आणि सातला खरंच करा.

मेसेजला उत्तरच नाही आलं तर लगेच दुसरा पाठवू नका. मी आठ-दहा दिवस थांबले असते आणि मग एखादं साधं काम विचारलं असतं. आणि हो, भांडणात मारहाण किंवा धमक्या होत असतील तर हे काही लागू नाही, तिथे आधी स्वतःला सांभाळा.

नोकरीवर आमचं आजही एकमत नाही. मागच्या आठवड्यात तो विषय निघाला, बाबा म्हणाले मला अजून पटलेलं नाही, मी म्हणाले माहितीये, आणि मग त्यांनी विचारलं नवीन कामाचे पैसे वेळेवर येतात ना.